थकलेलं भाडं, फोडलेलं कुलूप आणि भंगारात गेलेली मशीन

भोसरीतला एक टेलर डोळ्यांसमोर आणा. प्रसंग कल्पित आहे, पण अशी भांडणं वकिलांच्या टेबलावर नेहमी येतात. भाड्याच्या गाळ्यात त्याची दोन पॉवर मशीन, एक ओव्हरलॉक, एक पिको-फॉलचं मशीन, कटिंगचं टेबल, इस्त्री आणि गिऱ्हाइकांचे पंचवीस ब्लाउज-ड्रेसचे कापड. वडील आजारी पडले म्हणून तो गावाला गेला, तिथेच अडकला आणि दोन महिन्यांचं भाडं थकलं. महिन्याला नऊ हजारांप्रमाणे अठरा हजार रुपये. मालकाने दोनदा फोन केला, मग कुलूप फोडलं, सगळा माल एका भंगारवाल्याला एकोणीस हजारांना दिला आणि गाळा दुसऱ्याला लावला. टेलर परत आला तेव्हा मालक म्हणाला, "माझं भाडं वसूल झालं, वर हजार रुपये उरलेत ते घेऊन जा."

मालकाला वाटतं, हिशोब चुकता झाला. कायद्याच्या नजरेत त्याने एक नवीनच देणं अंगावर घेतलं आहे, आणि ते अठरा हजारांपेक्षा बरंच मोठं आहे. दुसऱ्याच्या जंगम मालावर स्वतःची मालकी असल्यासारखं वागणं, म्हणजे तो विकणं, वापरून संपवणं, मोडून टाकणं किंवा मागितल्यावर द्यायला नकार देणं, याला दिवाणी कायद्यात कन्व्हर्जन म्हणतात. हा इंग्लंडच्या न्यायालयांनी शेकडो वर्षांत घडवलेला नियम. भारतात त्याचा स्वतंत्र कायदा नाही, पण आपली न्यायालयं तो मानतात आणि १९६३ च्या मुदत कायद्यात त्याचा नावानिशी उल्लेख आहे.

इथे मालकाचा हेतू वाईट होता की चांगला, हे कुणी विचारत नाही. "मला वाटलं तो पळून गेला" हे त्याचं म्हणणं मनापासूनचं असेलही. फौजदारी खटल्यात त्याला महत्त्व आहे, किमतीच्या दाव्यात नाही. दुसऱ्याचा माल त्याने जाणूनबुजून विकला, एवढं पुरतं. माल टाकून दिला होता, हा बचाव करायचा तर मालकी सोडायचा इरादा दाखवावा लागतो. चालू स्थितीतली चार मशीन आणि गिऱ्हाइकांचं कापड कुलूपबंद ठेवून गावाला गेलेला माणूस तसा इरादा दाखवत नाही.

मात्र दुसऱ्याच्या मालाला हात लावला की लगेच कन्व्हर्जन होत नाही. १८४१ सालचा फोल्ड्स विरुद्ध विलोबी हा खटला यावर नेहमी सांगितला जातो. बर्कनहेडहून लिव्हरपूलला जाणाऱ्या फेरीबोटीवर एक प्रवासी दोन घोडे घेऊन चढला. त्याचं वागणं नीट नाही अशी तक्रार आली, म्हणून बोटवाल्याने त्याला उतरायला सांगितलं. तो हलेना. तेव्हा बोटवाल्याने घोडे धरून धक्क्यावर उतरवले, आणि हा गृहस्थ हट्टाने बोटीवरच बसून घोड्यांशिवाय नदी पार करून गेला. न्यायालय म्हणालं, नुसतं घोडे उतरवणं म्हणजे ते आपले म्हणून घेणं नव्हे. ते चुकीचं कृत्य असेल, त्याची थोडीफार भरपाई मिळेल, पण घोड्यांची पूर्ण किंमत मागता येणार नाही. आपल्या गाळामालकाने छत गळतंय म्हणून मशीन बाजूच्या खोलीत नेऊन ठेवली असती, तर तोही याच बाजूला राहिला असता. भंगारवाल्याच्या टेम्पोत माल चढला तिथे त्याने रेषा ओलांडली.

भाडं थकलं होतं, हे खरं. पण थकलेलं भाडं आणि माल विकायचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोकांची सगळ्यात मोठी गल्लत इथेच होते. १८७२ च्या करार कायद्यात माल अडवून धरायचा हक्क मोजक्या लोकांना दिला आहे. कलम १७० प्रमाणे ज्याने वस्तूवर कसबाचं किंवा मेहनतीचं काम केलं, तो त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत ती वस्तू धरून ठेवू शकतो. गॅरेजवाला, घड्याळजी, सोनार हे यात येतात. कलम १७१ मध्ये बँका, अडते, बंदरात माल उतरवून ठेवणारे धक्केवाले, हायकोर्टाचे अ‍ॅटर्नी आणि विमा दलाल यांना आणखी व्यापक हक्क आहे. गाळामालक दोन्हींत नाही. शिवाय या कलमांत हक्क आहे तो धरून ठेवण्याचा, विकण्याचा नाही. विकायचा हक्क तारण घेणाऱ्याला आहे, तोही कलम १७६ प्रमाणे कर्जदाराला वाजवी नोटीस देऊन. सोनं गहाण ठेवलेल्याला लिलावाआधी नोटीस येते ती यामुळे. मशीन गहाण नव्हती, आणि नोटीसही कुणी दिली नाही.

मालकाचा वकील कदाचित कलम १६९ पुढे करील. सापडलेली वस्तू विकायची मुभा त्यात आहे, पण अटी कडक आहेत. खरा मालक शोधूनही सापडत नाही किंवा वाजवी खर्च द्यायला नकार देतो, आणि त्यावर वस्तू नासण्याचा धोका आहे किंवा खर्च तिच्या किमतीच्या दोन तृतीयांशावर गेला आहे, तेव्हाच. टेलरचा फोन नंबर मालकाच्या मोबाइलमध्ये होता आणि शिलाई मशीन काही टोमॅटो नव्हेत. गाळामालकाने करायला हवं होतं ते असं: लेखी नोटीस, न्यायालयातून ताबा, दोन पंचांसमोर मालाची यादी, आणि माल सुरक्षित ठेवून थकबाकीसाठी वेगळा दावा. वेळखाऊ आहे, मान्य. पण त्या वेळाच्या बदल्यात पाऊण लाखाचं देणं टळतं.

आता पुढच्या हातांकडे बघू. भंगारवाल्याने दोन्ही पॉवर मशीन पुसून-तेल घालून एका दुसऱ्या टेलरला प्रत्येकी बारा हजारांना विकली. हा दुसरा टेलर पूर्ण प्रामाणिक आहे, त्याने पैसे मोजले, चिठ्ठीवर सही घेतली. तरी मशीन त्याची झाली नाहीत. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम २७ सांगतं की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून जास्त हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. मालकाकडे हक्कच नव्हता, म्हणून भंगारवाल्याकडे काही गेलं नाही आणि त्याच्याकडून पुढेही काही गेलं नाही.

हे कठोर वाटतं, आणि आहेच. १८७५ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने हॉलिन्स विरुद्ध फाउलर या खटल्यात हाच कठोरपणा टोकाला नेला. एका लबाडाने लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याकडून कापसाच्या तेरा गाठी फसवून मिळवल्या. दलालांनी त्या त्याच्याकडून घेऊन गिरणीला दिल्या, त्यात त्यांना मिळाली फक्त दलाली. कापसाचं सूतही कातून झालं होतं. तरी मूळ व्यापाऱ्याला कापसाची पूर्ण किंमत द्यायचं ओझं त्या निर्दोष दलालांवर पडलं. निर्दोष दोघांपैकी एकाला नुकसान सोसावंच लागणार असेल, तर ज्याचा माल होता त्याला सोसायला लावू नये, असा याचा कल आहे. मला यातली दुसरी बाजूही पटते, कारण दलालाला माल खरा कुणाचा हे कळण्याचा मार्ग नव्हता. पण नियम तसाच टिकून आहे. दुसऱ्या टेलरने निराश व्हायचं कारण नाही: मालविक्री कायद्याच्याच कलम १४ प्रमाणे विकायचा हक्क असल्याची हमी प्रत्येक विक्रेत्याकडून गृहीत धरलेली असते, म्हणून तो आपले चोवीस हजार भंगारवाल्याकडून मागू शकतो, आणि भंगारवाला गाळामालकाकडून.

याला अपवाद आहेत आणि त्यातला एक रोजच्या व्यवहारात भेटतो. समजा आपल्या टेलरनेच एक मशीन स्वतः विकलं, खरेदीदाराने फसवणुकीने खोटा चेक दिला आणि चेक वटण्याआधी मशीन तिसऱ्याला विकलं. इथे टेलरने फसून का होईना, विक्री केली होती. त्याने तो व्यवहार रद्द करायच्या आत तिसऱ्याने प्रामाणिकपणे मशीन घेतलं असेल, तर मालविक्री कायद्याच्या कलम २९ प्रमाणे ते त्या तिसऱ्याचंच. म्हणजे तुमचा माल तुमच्या नकळत गेला, तर तो कुठेही गेला तरी मागता येतो. तुम्ही फसून स्वतःच्या हाताने विकला असेल, तर घाई करावी लागते.

दावा कुणावर लावायचा? गाळामालक, भंगारवाला, दुसरा टेलर, तिघांवरही लावता येतो. पैसे मात्र एकदाच मिळतात. एकाने पूर्ण किंमत दिली की बाकीच्यांकडून तीच पुन्हा वसूल करता येत नाही, आणि किंमत चुकती झाली की वस्तूवरचा हक्कही देणाऱ्याकडे जातो. म्हणून वकील आधी विचारतो ते हे की यातल्या कुणाकडे पैसे आहेत आणि कुणाकडे वस्तू आहे.

आता किंमत. सगळा दावा इथे जिंकला किंवा हरला जातो, म्हणून थोडं सावकाश जाऊ.

मूळ नियम असा की मालाची बाजारभावाने किंमत, ज्या ठिकाणी आणि ज्या दिवशी तो हिरावला गेला त्या दिवशीची. भंगारवाल्याने दिलेले एकोणीस हजार हा बाजारभाव नव्हे. तो वजनाचा, लोखंडाचा भाव आहे, आणि चालू मशीनचा बाजार भंगाराच्या काट्यावर ठरत नाही. उलट टेलरने सहा वर्षांपूर्वी दिलेली नव्या मशीनची किंमतही चालत नाही, कारण हिरावलं गेलं ते वापरलेलं मशीन. तशाच स्थितीतलं मशीन जुन्या मशीनच्या दुकानात त्या महिन्यात कितीला मिळालं असतं, तेवढा आकडा. आपल्या गोष्टीत धरू की दोन पॉवर मशीनचे प्रत्येकी चौदा हजार, ओव्हरलॉकचे अकरा, पिकोचे नऊ, टेबल-इस्त्रीचे सहा. एकूण चोपन्न हजार.

कापड टेलरचं नव्हतं. तरी तो त्याची किंमत मागू शकतो, कारण कन्व्हर्जनच्या दाव्यात मालकी नसली तरी ताब्याचा हक्क असावा लागतो आणि तो त्याच्याकडे होता. करार कायद्याचं कलम १८० हेच म्हणतं: दुसऱ्याने विश्वासाने दिलेली वस्तू तिसऱ्याने हिरावली, तर ज्याच्याकडे ती दिली होती तो दावा करू शकतो. पंचवीस कापडांचे सरासरी सहाशेने पंधरा हजार. पण हे पैसे त्याचे नव्हेत. मिळाले की ते ज्याच्या-त्याच्या हक्काप्रमाणे गिऱ्हाइकांना द्यायचे. दोन्ही मिळून एकोणसत्तर हजार.

त्याशिवाय धंदा बंद पडल्याचं नुकसान. इथे लोक हात सैल सोडतात आणि सहा महिन्यांचा नफा लिहून मोकळे होतात. न्यायालय विचारतं, नुकसान कमी करायला तुम्ही काय केलं? टेलरने दोन महिने महिना तीन हजारांनी मशीन भाड्याने आणून काम सुरू ठेवलं असेल आणि त्याच्या पावत्या असतील, तर ते सहा हजार मागणं रास्त ठरतं. नुसता घरी बसून मोजलेला नफा टिकत नाही. सहा हजार धरून आकडा झाला पंचाहत्तर हजार. त्यातून मालक आपल्या अठरा हजारांची वजावट मागेल, आणि भाडं खरंच थकलं असल्याने ती मिळेल. उरतात सत्तावन्न हजार, अधिक व्याज. गाळ्याची अनामत रक्कम हा वेगळा हिशोब, ती यात मिसळू नका पण विसरूही नका.

भंगारवाल्याने तोच माल एक लाखाला विकला असता तर? तेव्हा टेलर बाजारभावाऐवजी विक्रीतून आलेली रक्कमच मागू शकतो. दुसऱ्याच्या मालावर नफा कमावून तो खिशात ठेवू द्यायचा नाही, हा त्यामागचा विचार.

तारखेचा प्रश्न शिलाई मशीनला फारसा बोचत नाही, सोन्याला बोचतो. एखाद्या नातेवाइकाने सांभाळायला घेतलेल्या पाटल्या परत द्यायला नकार दिला आणि निकालापर्यंत सोन्याचा भाव दुप्पट झाला, तर जुन्या भावाने पैसे घेणं हा तोटाच. म्हणून अशा प्रकरणात मुळात वस्तूच परत मागावी आणि ती न मिळाल्यास तिची किंमत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०, नियम १० प्रमाणे जंगम वस्तू परत देण्याच्या हुकूमनाम्यात, वस्तू न मिळाल्यास किती रक्कम द्यायची हेही लिहावं लागतं. वस्तू अडवून धरल्याचा वेगळा दावा इंग्लंडमध्ये १९७७ पर्यंत होता, आणि त्यात ही रक्कम निकालाच्या तारखेच्या भावाने धरत असत. दाव्याच्या मागणीत हे वाक्य पहिल्यापासून नीट घातलेलं असलं, तर वाढलेल्या भावाची बाजू मांडायला जागा राहते.

आणि वस्तूच नाहीशी झाली, तिची प्रत काय होती हे कुणाला सांगता येत नाही, तेव्हा? याचं उत्तर १७२२ सालच्या एका खटल्यात आहे आणि ते आजही वापरलं जातं. लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्या एका पोराला खडे जडवलेला दागिना सापडला. तो त्याने किंमत विचारायला सोनाराच्या दुकानात नेला. कामगाराने वजन करायच्या निमित्ताने खडे काढून घेतले आणि पोराला दीड पेनी देऊ केली. पोराने ती घेतली नाही, दागिना परत मागितला. हातात आलं ते खड्यांविना रिकामं कोंदण. मुख्य न्यायाधीश प्रॅट यांनी ज्यूरीला सांगितलं की सोनाराने खडा आणून तो कमी प्रतीचा होता हे दाखवलं नाही, तर त्या कोंदणात बसेल असा सर्वांत उत्तम प्रतीचा खडा धरून किंमत लावा. पोरगं दागिन्याचं मालक नव्हतं, त्याला नुसता सापडला होता. पण खऱ्या मालकाखेरीज इतर सगळ्यांपेक्षा त्याचा हक्क वरचढ, म्हणून त्याला दावा जिंकता आला.

याचा अर्थ असा नव्हे की टेलरने पुराव्याविना हवा तो आकडा सांगावा. शंकेचा फायदा मिळतो तो पुराव्यात उरलेल्या फटीपुरता. खरेदीचं बिल, मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या पावत्या, दुकानात काढलेले फोटो, गिऱ्हाइकांच्या मापांची वही, यातलं जे असेल ते. फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश पुराव्यात द्यायचे तर २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. मशीन अजून दुसऱ्या टेलरकडे असतील, तर न्यायालयाकडून ती विकू नयेत असा मनाई हुकूम आणि पाहणीसाठी कमिशनर मागता येतो. मशीनच्या पाटीवरचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळला की अर्धी लढाई तिथेच संपते.

दाव्याआधी लेखी मागणीची नोटीस पाठवावी. माल आधीच विकला गेला असेल तर मागणीची कायद्याने गरज नसते, विक्री हेच कन्व्हर्जन. पण माल अजून समोरच्याकडे असेल, तर मागणी आणि नकार याशिवाय दावा सहसा उभा राहत नाही. नकारही नीट पारखायचा. "तुम्हीच मालक आहात हे आधी दाखवा, दोन दिवसांत कळवतो" हा नकार नव्हे, चौकशीला वाजवी वेळ मिळतो. "आधी भाडं दे, मग मशीन ने" हा मात्र नकारच, कारण अशी अट घालायचा हक्क गाळामालकाला नाही. नोटिशीत वस्तूंची यादी, द्यायची तारीख आणि ठिकाण लिहा, आणि पोच सांभाळून ठेवा.

मुदत तीन वर्षं आहे, पण ती कधी सुरू होते हे प्रकारानुसार बदलतं. चोरी, अपहार किंवा कन्व्हर्जनने गेलेल्या मालासाठी तो कुणाच्या ताब्यात आहे हे पहिल्यांदा कळल्यापासून. विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू परत मागायची असेल, तर मागणीनंतरच्या नकारापासून. इतर वेळी माल नेला त्या दिवसापासून. कोणता प्रकार लागू होतो यावर वकील वर्षानुवर्षं भांडू शकतात, म्हणून तुम्ही सर्वांत आधीची तारीख धरून चाला. गाळ्याचा ताबाच परत हवा असेल तर घड्याळ वेगळं आणि फार वेगाने चालणारं आहे: स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम ६ प्रमाणे बेकायदा हुसकावल्याबद्दलचा झटपट दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो.

पोलिस ठाण्यात गेलं की "हे दिवाणी आहे" असं ऐकावं लागण्याची शक्यता मोठी. ते पूर्ण खोटं नाही आणि पूर्ण खरंही नाही. अप्रामाणिक हेतू दिसत असेल तर चोरी किंवा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खालचा अपहार होऊ शकतो, आणि दिवाणी दावा चालू असताना फौजदारी तक्रारही चालते. पण फौजदारी बाजूने मुख्यतः शिक्षा होते. पोलिसांनी मशीन जप्त केली तर ती सुपुर्दनाम्यावर, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन, लवकर मिळू शकतात, हा त्या वाटेचा मोठा फायदा. जी मशीन सापडणारच नाहीत, त्यांच्या किमतीसाठी दिवाणी दावाच करावा लागतो.

या सगळ्यात टेलरनेही स्वतःच्या दुकानाच्या वरच्या फळीकडे एकदा बघायला हवं. तिथे गेल्या दिवाळीपासून न नेलेले ब्लाउज पडलेले असतात, आणि भिंतीवर पाटी असते: तीस दिवसांत कपडे न नेल्यास जबाबदारी राहणार नाही. शिलाईचे पैसे मिळेपर्यंत ते कपडे धरून ठेवायचा त्याला पूर्ण हक्क आहे, करार कायद्याच्या कलम १७० मधला. पण ते विकायचा हक्क ती पाटी देत नाही. असे कपडे त्याने जुन्या कपड्यांच्या फेरीवाल्याला दिले, तर तो स्वतः गाळामालकाच्या जागी उभा राहील. गिऱ्हाइकाने सही केलेल्या बिलावर विक्रीची अट स्पष्ट लिहिलेली असेल आणि आधी नोटीस दिली असेल, तर निदान त्याच्याकडे बोलायला काही उरतं.